माजी सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र: चौकशी अर्धवट राहिली असताना काय लिहावं?

बार्देशकर

मंडळी, किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात मी फ्रंट ऑफिस सांभाळतो. माझ्या हाताखाली नाईट शिफ्ट बघणारा एक मुलगा गेल्या वर्षी सोडून गेला. आता दक्षिण गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ड्युटी मॅनेजरच्या जागेसाठी त्याने अर्ज केलाय आणि माझ्याकडे शिफारसपत्र मागितलंय.

मुलगा कामाला चांगला होता, त्यात वाद नाही. अडचण वेगळीच आहे. तो जायच्या थोडं आधी, ऐन सीझनमध्ये, सकाळच्या हँडओव्हरला काउंटरच्या कॅशमध्ये 18,000 रुपये कमी आले. ड्रॉवरच्या किल्ल्या दोघांकडे होत्या, त्याच्याकडे आणि कॅशियरकडे. कॅमेऱ्यात काउंटर दिसतो, पण ड्रॉवर दिसत नाही. दोघांना खुलासा मागणारे मेमो गेले, दोघांनीही हात वर केले. तेवढ्यात त्याचे वडील आजारी पडले, त्याने राजीनामा दिला, तो मंजूर झाला, हिशेब चुकता झाला. पुढे चौकशी कोणी चालवलीच नाही. अकाउंट्सने रक्कम खर्ची टाकली आणि फाईल तशीच पडून आहे.

मला व्यक्तिशः वाटतं त्याने घेतले नाहीत. पण वाटणं वेगळं. नव्या जागेवर तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असणार. पत्र असं लिहिलंय:

"श्री. अमुक यांनी आमच्याकडे नाईट शिफ्ट इन्चार्ज म्हणून काम केले. ते अत्यंत प्रामाणिक, मेहनती व विश्वासू आहेत. कौटुंबिक आजारपणामुळे त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा."

पत्र इंग्रजीतच जाणार, इथे मराठीत मजकूर टाकलाय. पाठवू की नको?

डिचोलीचा_पोर

पाठवून मोकळा हो रे. असली पत्रं कोण वाचतं? मला मिळालेलं पत्र मी तीन इंटरव्ह्यूंना नेलं, कोणी पाकीटसुद्धा उघडलं नाही. चार गोड शब्दांनी पोराचं भलं होत असेल तर तुझं काय जातंय?

मडगाव_एचआर

डिचोलीकर, पाकीट उघडलं नाही कारण आत काय असणार ते वाचणाऱ्याला ठाऊक होतं. मी गेली बरीच वर्षं हॉटेलांसाठी माणसं निवडतो. "अत्यंत प्रामाणिक, मेहनती व विश्वासू" हे तीन शब्द इतक्या पत्रांत असतात की नजर त्यांच्यावरून घसरून थेट खालच्या सहीवर जाते. मग मी सही करणाऱ्याला फोन लावतो.

बार्देशकर, मला पत्रातून तीनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही याला किती काळ आणि कुठल्या खुर्चीवरून पाहिलं. एखाद्या वाईट रात्री त्याने नेमकं काय केलं. आणि त्याच्यात काय कमी होतं. तिसरी गोष्ट लिहिली की पहिल्या दोन खऱ्या वाटायला लागतात. सगळं गुडीगुडी असलं की मी समजतो, एक तर माणूस ओळखीतला आहे किंवा काहीतरी झाकलंय.

तुमच्या बाबतीत तर "प्रामाणिक" हाच शब्द सगळ्यात धोक्याचा. बाकी दोन निरुपयोगी आहेत, पण निरुपद्रवी.

वेर्णा_लॅब

माझाही असाच प्रश्न आहे. मी औषध कंपनीत क्यूसीला होते. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून त्यांनी रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला, दोन्ही अडवून ठेवलेत. शिफारसपत्र द्यायला कंपनी कायद्याने बांधील असते ना? बार्देशकरदादा, तुम्ही निदान देताय तरी.

निवृत्त_बँकवाला

एक गोष्ट लक्षात ठेवा, खरं लिहिलं की मानहानी होत नाही. मेमो गेला होता हे खरं, चौकशी पूर्ण झाली नाही हेही खरं. दोन ओळीत लिहून टाका. लपवाल तर उद्या तिकडे कॅश गेली की तुमच्या नावाने बोंब होईल. आणि मानहानीचं फौजदारी कलम नव्या संहितेत काढून टाकलंय असं वाचनात आलं, तेव्हा तीही भीती नको.

आम्ही बँकेत दुसऱ्या बँकेला ग्राहकाबद्दल अभिप्राय कळवायचो, तो कागद बिनसहीचा असे आणि वर "आमच्यावर कोणतीही जबाबदारी न येता" असं छापलेलं असे. तसलं एक वाक्य टाका, झालं काम.

अ‍ॅड_म्हापसा

काका, रागावू नका, पण यातलं निम्मंच बरोबर आहे. आणि जे चुकलंय त्यावरच माणसं अडकतात.

कलम गेलेलं नाही. जुन्या दंडसंहितेतलं 499-500 आता भारतीय न्याय संहितेत 356 झालंय, 1 जुलै 2024 पासून लागू. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. भर एवढीच की आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. फौजदारी मानहानी घटनेत बसते हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच सांगितलंय.

"खरं आहे" हा बचाव दिवाणी दाव्यात पुरतो. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. पण शिफारसपत्र देणाऱ्याला त्या वाटेने जायची गरज नसते. त्याच्यासाठी नववा अपवाद आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावाने केलेलं विधान. कायद्यातच उदाहरण दिलंय, दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो की अमक्याला रोख दिल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीवर माझा भरवसा नाही. सद्भावाने सांगितलं असेल तर तो गुन्हा नाही.

मात्र कायद्यातला सद्भाव म्हणजे मनात पाप नसणं एवढंच नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असं धरलं जात नाही. बार्देशकर, तुमच्याकडे फक्त एक मेमो आहे, निष्कर्ष नाही. त्या मेमोच्या जोरावर "रोख रकमेबाबत चौकशी झाली होती" असं लिहिलंत तर शब्द न शब्द खरा, आणि वाचणारा मात्र "याने पैसे खाल्ले" असंच वाचणार. कॅशियरलाही तोच मेमो गेला होता हे तो कशाला वाचतोय! आडून किंवा उपरोधाने केलेला आरोपही मानहानी ठरू शकतो, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे.

इंग्लंडमध्ये 1994 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका विमा कंपनीचं प्रकरण आलं होतं. जुन्या माणसाबद्दल कंपनीने अत्यंत वाईट अभिप्राय दिला. लिहिणाऱ्यांना तो मनापासून खरा वाटत होता, खोटेपणा नव्हता, पण नीट तपास न करता लिहिला होता. कंपनी जबाबदार ठरली. ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्याविषयी काळजी घेणं हे लिहिणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं तिथे ठरलं. आपल्या कोर्टांवर ते बंधनकारक नाही, पण अशा दाव्यात वकील ते पुढे ठेवणारच.

आणि काका, तुमचा बिनसहीचा कागद. त्यावर गाजलेलाच निकाल आहे, 1963 चा, तोही इंग्लंडचाच आणि बँकेच्या अभिप्रायाबद्दलचाच. "जबाबदारी न घेता" या शब्दांनी ती बँक वाचली हे खरं. पण ती निष्काळजीपणाच्या दाव्यातून वाचली. बदनामी केली किंवा माहीत असून खोटं लिहिलं तर वर काहीही छापा, उपयोग नाही.

निवृत्त_बँकवाला

बरं झालं सांगितलंत. 356 चं माहीत नव्हतं. पण मग गप्प बसणं हाच उपाय म्हणायचा का? नोकरी देणाऱ्याचं हित बघणारं कोणीच नाही?

मडगाव_एचआर

काकांच्या बाजूने मीही बोलतो. ड्युटी मॅनेजर म्हणजे रात्री पूर्ण हॉटेल त्याच्या ताब्यात. समजा मी त्याला घेतला आणि सहा महिन्यांनी कळलं की आधीच्या हॉटेलात कॅशचा मेमो होता आणि त्याच्या साहेबांनी मला "विश्वासू" म्हणून कळवलं होतं, तर त्या साहेबांची पुढची दहा पत्रं मी केराच्या टोपलीत टाकीन. गोवा केवढं, हॉटेलवाले केवढे, सगळे एकमेकांना ओळखतात.

अ‍ॅड_म्हापसा

म्हणूनच "विश्वासू" लिहायचं नाही. काही न बोलणं आणि अर्धं बोलून भलतीच समजूत करून देणं, यात कायदा फरक करतो.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा एक निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका शाळा-अधिकाऱ्याविरुद्ध विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी होत्या. आधीच्या शाळांनी त्या गाळून त्याची तोंडभरून शिफारस केली आणि पुढच्या शाळेत एका मुलीला त्याचा त्रास झाला. न्यायालय म्हणालं, नुसतं गप्प बसला असता तर जबाबदारी आली नसती. पण बिनशर्त शिफारस केलीत म्हणजे दिशाभूल केलीत. तिथे मुलांच्या अंगावर येणाऱ्या धोक्याचा प्रश्न होता, पैशांच्या बाबतीत कोर्ट इतकं पुढे जाईलच असं नाही. मला त्यातलं तत्त्व महत्त्वाचं वाटतं: ज्या विषयावर पूर्ण बोलता येत नाही, त्या विषयावर स्तुतीही करू नये.

म्हणजे तुमच्या पत्रात कॅश, हिशेब, सचोटी यातला एकही शब्द नको. बरा नको, वाईटही नको. त्याऐवजी जे तुम्ही स्वतः पाहिलंत आणि ज्याचा कागद आहे ते भरभरून लिहा.

वेर्णा_लॅब, तुझा प्रश्न वेगळा आहे ग. शिफारस करायला कोणी कोणाला भाग पाडू शकत नाही. सेवेचा दाखला ही निराळी गोष्ट. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, लागू असलेल्या कारखान्यात कायम कामगाराला तो मिळण्याची तरतूद आदर्श स्थायी आदेशांत होती. तू त्या व्याख्येत बसतेस का हे नेमणूकपत्र आणि प्रत्यक्ष काम बघून ठरेल. नोटिशीचे पैसे कापून घ्या आणि दाखला द्या असं आधी लेखी माग, नाही दिला तर पणजीला कामगार आयुक्तांकडे जा. यासाठी वेगळा धागा काढ, तिथे नीट लिहीन.

वेर्णा_लॅब

काढते. देव बरें करूं, ताई.

बार्देशकर

आता डोक्यात प्रकाश पडतोय. म्हणजे "कौटुंबिक आजारपणामुळे सोडली" हेही काढायचं का? ते तर त्याच्या बाजूचंच आहे.

अ‍ॅड_म्हापसा

काढायचं. त्याच्या वडिलांचं आजारपण ही त्याची खासगी बाब, ती तुम्ही तिसऱ्याला का सांगायची? आणि चौकशीच्या मधोमध झालेल्या राजीनाम्याला तुम्ही सहीनिशी एक कारण चिकटवता आहात. उद्या कोणी विचारलं, "हेच कारण होतं हे तुम्हाला कसं माहीत?" तर उत्तर आहे? "राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला" एवढंच तुमच्या कागदांवर आहे. बढती, पगार, रजा, लग्न, आजार, धर्म, यातलं काही नको.

मडगाव_एचआर

चला, मग वाईट रात्री काढा बाहेर. दोन प्रसंग सांगा, शिवाय एक उणीव.

बार्देशकर

प्रसंग पुष्कळ आहेत. एक तर मला अगदी ठळक आठवतो. चार्टरचं विमान उशिरा आलं, पहाटे तीनला दाबोळीहून बस भरून माणसं दारात आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोल्यांपैकी निम्म्या अजून भरलेल्या, कारण जाणाऱ्या गटाचंही विमान लांबलेलं. मी घरी झोपलेलो. याने मला उठवलं नाही. पूलसाइडचा हॉल उघडून चहा-बिस्किटं लावली, लहान मुलं असलेल्या कुटुंबांना रिकाम्या खोल्या आधी दिल्या, उरलेल्यांची यादी केली आणि शेजारच्या दोन हॉटेलांत फोन करून काही जणांची सोय लावली. सकाळी मी आलो तेव्हा लॉबी शांत होती आणि सगळ्या परदेशी पाहुण्यांचे सी-फॉर्म भरलेले. ते 24 तासांत भरावे लागतात, आमच्याकडे दिवसपाळीवालेसुद्धा त्यात मागे पडायचे. याच्या शिफ्टचा फॉर्म राहिल्याचं मला आठवत नाही.

उणीव म्हणजे लिखाण. लॉगबुकमध्ये "गेस्ट ओके", "एसी प्रॉब्लेम सॉल्व्ड" एवढंच. कुठला एसी, कुठली खोली, काय केलं, काही नाही. सकाळच्या शिफ्टला फोन करून विचारावं लागायचं. मी बरंच टोकल्यावर शेवटच्या काळात सुधारलं, पण मोठी तक्रार आली की अहवाल अजूनही मलाच परत लिहायला लागायचा.

मडगाव_एचआर

अहो पात्रांव, हेच तर पत्र आहे! पहाटे तीनचा प्रसंग जसाच्या तसा घाला. मी तो वाचला तर मुलाला इंटरव्ह्यूला बोलावीनच आणि त्याच रात्रीबद्दल त्याला विचारीन. लॉगबुकचीही ओळ ठेवा. ड्युटी मॅनेजरला रोज सकाळी अहवाल द्यावा लागतो, त्यांना पहिल्या महिन्यातच त्याच्याकडून लिहून घ्यायची सवय लावता येईल. उणीव अशी हवी की पुढच्याला तिचं काहीतरी करता आलं पाहिजे.

"आठवत नाही" मात्र पत्रात नको. सी-फॉर्मचं रेकॉर्ड काढून बघा आणि मग लिहा.

अ‍ॅड_म्हापसा

आता कागद कसा जाणार ते बघू. तिथे चूक झाली तर चांगलं पत्रही अंगावर येतं.

"ज्याच्याशी संबंधित असेल त्यास" असं मोघम पत्र त्याच्या हातात देऊ नका. नववा अपवाद आणि दिवाणीतलं संरक्षण, दोन्ही टिकतात ते वाचणाऱ्याचा त्या माहितीशी संबंध असतो म्हणून. नोकरी देणाऱ्या हॉटेलच्या एचआर प्रमुखाचा आहे. त्या पत्राचा फोटो ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरेल त्या ग्रुपचा नाही. मोघम पत्र कुठे कुठे जाईल आणि किती वर्षं वापरलं जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. म्हणून व्यक्तीचं नाव, पद, हॉटेलचं नाव घालून, कुठल्या जागेसाठी ते लिहून, थेट त्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर "गोपनीय" म्हणून पाठवा. प्रत स्वतःकडे ठेवा. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला त्याहून जास्त, तेव्हा लगेच डिलीट करू नका.

त्याआधी त्या मुलाकडून एक ईमेल घ्या: अमुक जागेसाठी, अमुक व्यक्तीला माझ्या कामाबद्दल अभिप्राय द्यावा. त्याने स्वतः मागितलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहील.

आणि सगळ्यात आधी तुमच्या एचआरला विचारा. कित्येक कंपन्यांत धोरण असतं की पद आणि तारखा एवढंच कंपनीतर्फे कळवायचं. तसं असेल तर लेटरहेड वापरायचं नाही आणि ऑफिसच्या ईमेलवरूनही पाठवायचं नाही. स्वतःच्या ईमेलवरून, "हा माझा वैयक्तिक अभिप्राय, कंपनीचा नव्हे" असं लिहून. तेही धोरणात बसत असेल तरच.

डिचोलीचा_पोर

एवढी उठाठेव एका पत्रासाठी? मग कोणी कोणाला पत्र देईल का! त्यापेक्षा "लिहून देत नाही, फोनवर बोलतो" म्हणायचं. फोनवर बोललेल्याचा कागद कुठे?

अ‍ॅड_म्हापसा

बोललेलंही मानहानीत धरतात, बाळा. आणि आजकाल कुठला फोन रेकॉर्ड होत नाही? कागदावर निदान तू नेमकं काय म्हणालास ते तरी सिद्ध करता येतं.

बार्देशकर

एचआरशी बोललो. धोरण पद आणि तारखांपुरतंच आहे, वैयक्तिक अभिप्रायाला हरकत नाही, फक्त हॉटेलचं लेटरहेड नको. मुलाचा ईमेल आला. सी-फॉर्म तपासले. एका आठवड्यात दोन फॉर्म उशिरा गेलेत, सर्व्हर बंद होता असा शेरा आहे. म्हणून "एकही राहिला नाही" हे वाक्य गाळलं. आता मसुदा असा झालाय:

"श्रीमती अमुक, मनुष्यबळ प्रमुख यांस. गोपनीय.

श्री. अमुक यांनी आपल्याकडील ड्युटी मॅनेजर पदाच्या अर्जासाठी माझा अभिप्राय मागितला आहे. हा माझा वैयक्तिक अभिप्राय आहे. नोकरीचा कालावधी व पद यांची खातरजमा आमच्या मनुष्यबळ विभागाकडून करता येईल.

ते नाईट शिफ्ट इन्चार्ज असताना दोन सीझन मी त्यांचा थेट वरिष्ठ होतो. रात्री मी हजर नसे. त्यांचे काम मी सकाळचा हँडओव्हर, लॉगबुक आणि पाहुण्यांचे अभिप्राय यांवरून पाहिले आहे. हा अभिप्राय पाहुण्यांची व्यवस्था आणि शिफ्ट चालवणे एवढ्यापुरताच आहे.

[इथे पहाटे तीनचा प्रसंग, आठ ओळी]

त्या काळात माझ्याकडे असलेल्या तीन शिफ्ट इन्चार्जांपैकी, अचानक उद्भवलेल्या गर्दीत निर्णय घेण्याच्या बाबतीत मी त्यांना पहिले स्थान देईन.

त्यांच्या लॉगबुकमधील नोंदी त्रोटक असत. सूचना दिल्यावर सुधारणा झाली. तरी सविस्तर लेखी अहवालासाठी सुरुवातीला त्यांना मार्गदर्शन लागेल, असे माझे मत आहे."

मडगाव_एचआर

उत्तम. "रात्री मी हजर नसे" ही ओळ मला फार आवडली. कुठून पाहिलं हे इतकं स्पष्ट सहसा कोणी लिहीत नाही. तीन जणांमध्ये पहिला, हेही कामाचं.

निवृत्त_बँकवाला

एक शंका. "एवढ्यापुरताच आहे" असं वाचलं की हुशार माणूस लगेच विचारणार, मग बाकीचं काय? वकीलबाई म्हणाल्या ना, आडून केलेला आरोपही आरोपच. हे आडूनच झालं नाही का?

अ‍ॅड_म्हापसा

काका, आता बरोबर नस पकडलीत. यावर मी स्वतः दोन दिवस विचार करते आहे.

माझं मत असं. "रोख व्यवहार वगळता" असं लिहिलं असतं तर ते सरळ बोट दाखवणं झालं असतं. "पाहुण्यांची व्यवस्था आणि शिफ्ट चालवणे" ही फ्रंट ऑफिसच्या माणसाची नेहमीची चौकट आहे, त्यात गैर काही सूचित होत नाही. तरी "एवढ्यापुरताच" मधला "च" काढा, आणि ते वाक्य आधीच्या वाक्याला जोडून टाका: "...यांवरून पाहिले आहे, आणि हा अभिप्राय पाहुण्यांची व्यवस्था व शिफ्टचे कामकाज याबद्दल आहे." वेगळं वाक्य करून ठेवलं की ते कुंपणासारखं दिसतं.

मडगाव_एचआर

माझं मत थोडं निराळं. मी वाचणारा असतो तर तो विषय नसल्याचं मला तरीही जाणवलं असतं. ड्युटी मॅनेजरच्या पत्रात कॅशचा उल्लेख नाही म्हटल्यावर मी फोन केलाच असता.

बार्देशकर

तीच तर भीती. फोन आला आणि सरळ विचारलं, "कॅशच्या बाबतीत कसा होता? परत घ्याल का?" तर?

अ‍ॅड_म्हापसा

खोटं बोलायचं नाही. "काही अडचण नव्हती" म्हणालात की ती दिशाभूल झाली, आणि "चौकशी होती" म्हणालात की निष्कर्षाविना आरोप झाला. "त्या विषयावर मी अभिप्राय देत नाही, मी पाहिलेल्या कामाबद्दल पत्रात लिहिलंय" हे वाक्य सगळ्याच माजी सहकाऱ्यांच्या बाबतीत वापरायची सवय ठेवा. फक्त याच्याच वेळी म्हणालात तर त्याचा अर्थ निघणार. "परत घ्याल का" याला तुमचं खरं मत सांगा. ते मत आहे, आणि ते तुमचंच आहे.

निवृत्त_बँकवाला

पण त्यांचं खरं मत तर असं की त्याने पैसे घेतले नाहीत. तेच सांगू नये का?

अ‍ॅड_म्हापसा

सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, "कुठले पैसे?"

मडगाव_एचआर

मला विचाराल तर यातून सुटायची एक वाट आहे, पण ती बार्देशकरांच्या हातात नाही. मुलानेच इंटरव्ह्यूत आपणहून सांगावं: असा मेमो आला होता, दोघांनाही आला होता, मी लेखी खुलासा दिला, ठपका आला नाही, ही खुलाशाची प्रत. उमेदवाराच्या तोंडून आधी कळलं तर मी ते फारसं मनावर घेत नाही. बाहेरून कळलं की घेतो. शिवाय आपल्या हॉटेललाईनमध्ये बाहेरून कळतंच, तुमच्या कॅशियरची मावसबहीण कुठेतरी रिसेप्शनला असणारच.

अ‍ॅड_म्हापसा

सांगणं-न सांगणं हा त्याचा निर्णय, त्यावर दबाव आणू नका. पण सुचवायला काही हरकत नाही. आणि एक काम तुमच्याकडून होण्यासारखं आहे. ती फाईल एचआरकडून लेखी बंद करून घ्या: "पुराव्याअभावी कोणाविरुद्धही निष्कर्ष नाही." कॅशियर अजून तुमच्याकडेच आहे ना? त्यालाही ते हवंच असेल.

बार्देशकर

कॅशियर अजून आहे, आणि दर सीझनला विचारतो की त्या मेमोचं काय झालं. एचआरला आज ईमेल टाकला. त्यांचं म्हणणं, माणूस गेला की त्याची चौकशी आपोआप संपते, बंद करायला काय उरलं? कॅशियर गेलेला नाही हे त्यांना परत कळवलंय. उत्तर यायचंय.

मुलाशी काल बोललो. मसुदा त्याला दाखवला नाही, पण कुठल्या विषयावर लिहिणार आणि कुठल्या विषयावर गप्प राहणार ते स्पष्ट सांगितलं. लॉगबुकचं ऐकून हसला. मेमोबद्दल स्वतःहून सांगायचं का ते घरी विचारून ठरवतो म्हणाला. पत्र उद्या सकाळी पाठवतोय, "च" काढून.

वेर्णा_लॅब

दादा, मसुदा त्याला का नाही दाखवला? माझ्याबद्दल कोणी असं लिहिणार असेल तर मला वाचायचं असतं. उणीव वाचूनसुद्धा मी रागावले नसते.

मडगाव_एचआर

दाखवलेल्या पत्रात लिहिणारा हात आखडता घेतो, म्हणून मला न दाखवलेलं जास्त विश्वासार्ह वाटतं.

अ‍ॅड_म्हापसा

मी तर दाखवा म्हणेन. त्यात एखादी तारीख चुकली असेल तर तोच सांगेल, आणि वाचून हो म्हणाला की नंतर तक्रारीला जागा राहत नाही. यावर आमचं दोघांचं जमणार नाही असं दिसतंय.